०.६ की १.६? बॅनरवरचे दोन आकडे आणि पिटीचा हिशेब

खामल्याचा_अक्षय

नमस्कार मंडळी. गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये नशिबाने कॅरेक्टर काढायचा जो कॅरेक्टर बॅनर असतो, त्याच्या तपशिलाचं पान उघडलं की सगळ्यात दुर्मीळ, म्हणजे पाच स्टारसाठी दोन आकडे दिसतात. एक ०.६ टक्के आणि दुसरा, पिटी धरून, १.६ टक्के. पिटी म्हणजे ९० पुलांच्या, म्हणजे ९० वेळा नशीब आजमावण्याच्या, आत एक पाच स्टार नक्की, हेही तिथंच लिहिलेलं आहे. यातला खरा आकडा कोणता धरायचा? ०.६ धरला तर हिशेब फारच वाईट येतो, १.६ धरला तर बराच बरा.

हे विचारायचं कारण म्हणजे धाकट्या भावाचं अकाउंट. मागच्या पाच स्टारनंतरच्या पुलांचा काउंटर ४० वर आहे, तो पाच स्टार बॅनरवरचाच आला होता म्हणजे पुढचा बॅनरवरचाच येईल अशी गॅरंटी नाही, आणि हातात पुल मारायला ९,६०० प्रायमो आहेत. बॅनर संपायला आठवडा उरलाय. त्याला विचारलं तर म्हणतो, "दादा, ६० पुल आहेत, ९० ला नक्की येतं, म्हणजे आलंच." मला ते पटत नाही, पण नेमकं कुठं चुकतंय ते सांगता येत नाही.

तर्रीपोहा

भाऊ, १.६ म्हणजे निव्वळ जाहिरात हाय. मोठा आकडा दाखवला का लोक पैसे टाकतात, म्हनून लिहितेत. खरा आकडा ०.६. पन एक ध्यानात ठेव, दर पुलाले चान्स थोडा थोडा वाढत जाते. ४० झाले म्हनजे आता पहिल्यापेक्षा चांगला चान्स हाय. आन् दहा-दहाचेच मार, सुटे मारू नको.

प्राजक्ता_व

तर्रीपोहा, तुमचं एक बरोबर आहे, चान्स वाढतो. पण ४० ला नाही. ७३ व्या पुलापर्यंत तो ०.६ वर सपाट असतो आणि ७४ पासून एकदम चढतो. खेळाडूंनी लाखो पुलांच्या नोंदी जमवून जो नमुना काढलाय त्यात ७४ व्याला साधारण ६.६, ७५ व्याला १२.६, असे दर पुलाला सहा टक्के वाढत जातात. यालाच सगळे सॉफ्ट पिटी म्हणतात. कंपनीने हा चढ कुठेही छापलेला नाही. छापलंय ते फक्त ०.६, १.६ आणि ९०.

म्हणून ४० चा काउंटर आणि ५ चा काउंटर यांत पुढच्या एका पुलाचा चान्स अगदी सारखा आहे. फरक एवढाच की ४० वाल्याला चढ सुरू व्हायला ३३ पुल उरलेत आणि ५ वाल्याला ६८.

वाडीचा_पंकज

मी बीजीएमआयच्या क्रेटमध्ये यूसी टाकून बसलोय, गन स्किन काही निघत नाही. तिथं पिटी किती वर आहे कुणी सांगेल का?

प्राजक्ता_व

पंकज, इथं गेन्शिनची चर्चा आहे. क्रेटचा हिशेब प्रत्येक क्रेटचा वेगळा. क्रेट उघडायच्या स्क्रीनवरच नियम आणि शक्यता पाहायचं बटण असतं, ते उघडा. त्यात ठराविक संख्येनंतर नक्की मिळेल असं वाक्य असेल तर पिटी आहे. नसेल तर नाही, मग कितीही उघडले तरी पुढच्या क्रेटचा चान्स तोच राहणार.

ढवळे_सर

मी हा खेळ खेळत नाही, गणित शिकवतो. पण अक्षयच्या प्रश्नात एक फार सुंदर गोष्ट दडली आहे, म्हणून लिहितो. १.६ ही जाहिरात आहे की खरा आकडा, हे कंपनीवर विश्वास न ठेवता तपासता येतं. आणि प्राजक्ताताई म्हणतात तो न छापलेला चढ छापलेल्या आकड्यांतूनच बाहेर काढता येतो.

आधी असं धरा की पिटीच नाही, नुसता ०.६. मग एक पाच स्टार यायला सरासरी १०० भागिले ०.६, म्हणजे सुमारे १६७ पुल लागतील. आता ९० ची सक्ती घाला, पण मधे कसलाही चढ नाही असं समजा. पहिला पुल तर मारावाच लागतो. दुसरा मारावा लागण्याची शक्यता ०.९९४. तिसरा मारावा लागण्याची ०.९९४ चा वर्ग. असं करत ९० व्यापर्यंत जायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजेच एका पाच स्टारसाठी लागणारे सरासरी पुल. उत्तर येतं ६९.७. म्हणजे दर शंभर पुलांमागे १.४३ पाच स्टार.

पण पानावर १.४३ नाही, १.६ आहे. १.६ म्हणजे सरासरी ६२.५ पुल. नुसत्या ९० च्या सक्तीने ६९.७ च्या खाली उतरताच येत नाही. तेव्हा ९० च्या आधी कुठेतरी शक्यता वाढवलेली असलीच पाहिजे, नाहीतर छापलेले तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

तर्रीपोहा

सर, हे भारी हाय. म्हनजे कंपनीनं न सांगताच सांगून टाकलं. मंग ७४ पासून सहा-सहा टक्के वाढवले तर बरोबर ६२.५ येते का?

ढवळे_सर

जवळपास येते. ज्याला करून पाहायचं आहे त्याच्यासाठी:

```python
p = 0.006
s, total = 1.0, 0.0
for n in range(1, 91):
    total += s
    r = p if n < 74 else min(1, p + 0.06 * (n - 73))
    s *= 1 - r
print(total, 100 / total)
```

उत्तर सुमारे ६२.३ पुल, म्हणजे १.६०५ टक्के. पानावर एकाच दशांशापर्यंत छापलंय, त्यात हे बसतं. पण एक सावधगिरी. ७४ ऐवजी ७२ पासून हळू चढवलं किंवा ७६ पासून झपाट्याने चढवलं तरी १.६ च्या आसपास आणता येईल. चढ आहे, हे आकड्यांवरून सिद्ध होतं. तो नेमका कुठून आणि कसा, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी लोकांच्या नोंदीच लागतात.

मानेवाड्याची_रोहिणी

नोंदींबद्दल एक शंका. ज्यांचं नशीब फार चांगलं किंवा फार वाईट तेच लोक आपला इतिहास अपलोड करतात. मग त्या लाखो नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा?

प्राजक्ता_व

सरासरी काढायची असेल तर ही शंका रास्त आहे. पण सॉफ्ट पिटीसाठी आपण सरासरी बघत नाही. आपण विचारतो, जे ७३ पुल रिकाम्या हाताने आले त्यांच्यापैकी कितींना ७४ व्याला मिळालं? मग ७४ ला न मिळालेल्यांपैकी ७५ ला कितींना? अपलोड करणारा नशीबवान असो की कमनशिबी, त्याच्या इतिहासात अनेक पाच स्टार असतात, आणि ७३ वरून ७४ वर जातानाची ही उडी सगळ्यांत दिसते. ०.६ वरून ६.६ म्हणजे अकरा पट. एवढी मोठी गोष्ट निवडीच्या चुकीमुळे तयार होत नाही. मात्र चढ पाच टक्क्यांचा की सहाचा, अशा बारीक भांडणात तुमची शंका लागू पडेल.

रेवतीची_आई

माझी मुलगी नववीत आहे. ती म्हणते ९० ला नक्की मिळतं, म्हणून तेवढ्याचे पैसे दे. तुमचं वाचून वाटतंय की ते बरोबर आहे. मग यात फसण्यासारखं काय आहे?

प्राजक्ता_व

ताई, ९० ला नक्की मिळतो तो कोणतातरी पाच स्टार. तिला हवा असलेला नाही. पाच स्टार आला की दुसरी सोडत होते, बॅनरवरचा की कायमच्या यादीतला. तिथं निम्मा-निम्मा चान्स असतो. हरलात तर पुढचा पाच स्टार मात्र बॅनरवरचाच येतो, त्याला आम्ही गॅरंटी म्हणतो. म्हणजे सगळं उलटं पडलं तर ९० आणि पुन्हा ९०, एकूण १८० पुल.

एका पुलाला १६० प्रायमो. १८० चे झाले २८,८००. स्टोअरमधल्या सगळ्यात मोठ्या पॅकमध्ये ६,४८० क्रिस्टल आणि वर १,६०० बोनस मिळतात, एकूण ८,०८०, म्हणजे साधारण ५० पुल. शून्यापासून सुरुवात केली तर सर्वात वाईट वेळी चार पॅक लागतात. सरासरी बघितली तर सुमारे ९३ पुल, म्हणजे दोन पॅकच्या जरा आत. पहिल्या खरेदीला बोनसऐवजी मूळ क्रिस्टल दुप्पट मिळतात, ते हिशेबात धरायचे तर एकदाच धरा. तुमच्या स्टोअरमध्ये रुपयात जो भाव दिसतो त्याला चारने गुणा, मग हो-नाही ठरवा. पैसे, क्रिस्टल, प्रायमो, पुल अशा चार पायऱ्या मधे असल्यामुळे रुपयातला आकडा डोळ्यांसमोर राहत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ च्या जानेवारीत याच कंपनीवर जी कारवाई केली, त्यात चलनांच्या या गुंत्याचा आणि शक्यता नीट न सांगण्याचा मुद्दा होता. तिथं २ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि पालकांच्या संमतीशिवाय १६ च्या आतल्या मुलांना अशा नशिबाच्या पेट्या विकायच्या नाहीत असं ठरलं.

रेवतीची_आई

हे कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. चार पॅक म्हणजे आमच्या घरी नाहीच. आणि तिला आधीच पडताळणीशिवाय खरेदी करता येतेय का, तेही बघते.

वर्धारोडवाला

प्ले स्टोअरमध्ये सेटिंगला खरेदीची पडताळणी असते, ती प्रत्येक खरेदीसाठी चालू करा. बऱ्याच घरी ती बंद असते आणि फोनला कार्ड जोडलेलं असतं.

खामल्याचा_अक्षय

प्राजक्ता, सर, आता भावाच्या केसवर या ना. काउंटर ४०, गॅरंटी नाही, ६० पुल.

वर्धारोडवाला

त्याआधी एक सांगा. बॅनर बदलला की काउंटर शून्य होतो ना? मग आठवड्यात मारलंच पाहिजे, नाहीतर ते ४० वाया.

प्राजक्ता_व

नाही होत. कॅरेक्टर बॅनरचा काउंटर पुढच्या कॅरेक्टर बॅनरवर जसाच्या तसा जातो आणि गॅरंटीही जाते. एकाच वेळी दोन कॅरेक्टर बॅनर चालू असले तरी दोघांचा काउंटर एकच. शस्त्रांच्या बॅनरचा काउंटर वेगळा, कायमच्या बॅनरचा आणखी वेगळा, आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे "बॅनर संपतोय, मारा" ही घाई निव्वळ कॅरेक्टर हवं म्हणून असू शकते, काउंटर वाचवायला नाही.

आता केस. ४० नंतर ५० पुलांच्या आत, म्हणजे ९० व्यापर्यंत, पहिला पाच स्टार नक्की. ६० पुल आहेत, तेव्हा तो येणारच. भाऊ इथपर्यंत बरोबर आहे. पण तो आला की निम्म्या वेळा चुकीचा येईल. चुकीचा आला की काउंटर शून्य, गॅरंटी हातात, आणि उरलेल्या पुलांत दुसरा पाच स्टार यायला हवा. ते किती उरतील, हे सर सांगतील.

ढवळे_सर

करतो. ४० वर उभा असलेला माणूस ७३ पर्यंत, म्हणजे पुढच्या ३३ पुलांत, सपाट ०.६ वर खेळतो. त्यात पाच स्टार यायची शक्यता सुमारे १८ टक्के. उरलेल्या ८२ टक्के वेळा तो चढावर पोहोचतो आणि बहुतेकदा ७४ ते ८० च्या दरम्यान त्याला मिळतं. म्हणजे साधारण ३७ पुल खर्च, २३ शिल्लक.

त्या २३ पुलांत, नव्या शून्य काउंटरवर, पाच स्टार येण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीलाच लवकर मिळालं तर शिल्लक जास्त राहते आणि ती २३ टक्क्यांपर्यंत जाते. दोन्हीची भारित सरासरी काढली तर साडेचौदा-पंधरा टक्के. म्हणून एकूण शक्यता ५० अधिक, ५० मधले १५ टक्के, म्हणजे ५७ च्या जवळपास. शंभर भाऊ असतील तर ५७ ना मिळेल आणि ४३ जणांचे प्रायमो संपतील, हातात नको असलेला पाच स्टार आणि गॅरंटी राहील.

आता याच्या शेजारी दुसरी केस ठेवा. काउंटर तोच ४०, प्रायमो तेच ९,६००, फक्त गॅरंटी आहे. मग शक्यता १०० टक्के. काउंटरच्या आकड्यापेक्षा ती एक हो-नाहीची खूण इथं कितीतरी जास्त वजनाची आहे.

तर्रीपोहा

राजेहो, म्हनजे पोरं काउंटर-काउंटर करत बसतेत आन् खरी गोष्ट गॅरंटीची हाय!

हिंगण्याचा_तन्मय

५७ नाही, जास्त आहे. ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या ऑगस्टपासून, कॅप्चरिंग रेडियन्स आलंय. आता निम्मा-निम्मा नाही, ५५ टक्के आहे. ५५ धरून सरांचा हिशेब केला तर ६१-६२ येतो.

प्राजक्ता_व

तन्मय, ५५ हा आकडा बरोबर आहे, पण तो पुन्हा एकत्रित आकडा आहे, १.६ सारखाच. दर सोडतीला ५५ असं कंपनीने म्हटलेलं नाही. पूर्वी किती वेळा हरलात त्यावर ती सवलत अवलंबून आहे, असं बऱ्याच लोकांच्या नोंदी सुचवतात. तसं असेल तर नुकताच जिंकलेल्या माणसाला ५० च लागू आणि सलग हरत आलेल्याला पुष्कळ जास्त. अक्षयच्या भावाचा मागचा पाच स्टार बॅनरवरचा होता. तो निम्म्या-निम्म्यात जिंकून आला की गॅरंटीने आला, हेही बघावं लागेल.

हिंगण्याचा_तन्मय

तो सलग हरण्याचा सिद्धांत मला मान्य नाही. दर सोडतीला १० टक्के वेळा हरलेलं जिंकलेलं करून देतात, एवढं साधं धरलं तरी ५५ येतं. जास्त गुंतागुंतीचं कशाला मानायचं?

प्राजक्ता_व

दोन्हीकडून ५५ येतं हे खरं. फरक ओळखायची जागा एकच, सलग तीन-चार वेळा निम्मा-निम्मा हरलेल्यांच्या पुढच्या सोडतीचा निकाल. साधा नमुना खरा असेल तर त्यांनाही ५५ च मिळायला हवं. तशा नोंदी मूळातच कमी, कारण एवढ्या वेळा हरायला शेकडो पुल लागतात. त्यामुळे अक्षय, तू ५७ ते ६१ असं धर.

मानेवाड्याची_रोहिणी

तुलनेसाठी आर्कनाइट्सचं सांगते. तिथं हा चढ लपवलेला नाही, नियमातच लिहिलाय. सहा स्टारचा दर २ टक्के. सलग ५० पुलांत आला नाही तर ५१ व्याला ४, ५२ व्याला ६, असे दोन-दोन वाढतात. म्हणजे ९९ व्याला १०० टक्के. सरांच्या पद्धतीने बेरीज केली तर सरासरी ३५ च्या जवळ येते, म्हणजे प्रत्यक्षात २.९ टक्के. तिथं छापलेला आकडा २ आणि खरा अनुभव २.९, गेन्शिनमध्ये दोन्ही छापलेले पण मधला रस्ता गायब. मला आर्कनाइट्सची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

एक सावधगिरी, तिथं मर्यादित बॅनरचा काउंटर साध्या बॅनरवर जात नाही. साध्यावरून साध्यावर जातो.

हिंगण्याचा_तन्मय

आणि ब्लू आर्काइव्हमध्ये पिटीच नाही, स्पार्क आहे. तीन स्टारचा दर ३ टक्के, बॅनरवरच्या कॅरेक्टरचा ०.७. दर पुलाला एक पॉइंट, २०० पॉइंट झाले की ते कॅरेक्टर थेट विकत घ्यायचं.

खामल्याचा_अक्षय

म्हणजे तेही पिटीच झाली ना, फक्त २०० ची?

मानेवाड्याची_रोहिणी

नाही, आणि इथं लोकांचं फार नुकसान होतं. पिटीचा काउंटर पाच स्टार आला की शून्य होतो आणि बॅनर संपला तरी पुढं जातो. स्पार्कचं उलट. मधे कॅरेक्टर मिळालं तरी पॉइंट चालूच राहतात, पण बॅनर संपला की ते संपतात. तिथं १५० वर थांबलात तर पुढच्या बॅनरवर त्या पॉइंटांना किंमत नाही. म्हणून स्पार्कच्या खेळात २०० पुल हातात असल्याशिवाय सुरुवात करायची नाही, किंवा कधीही सोडायची तयारी ठेवायची. गेन्शिनमध्ये १५ पुल मारून थांबलात तरी ते १५ पुढं मोजले जातात. या दोन खेळांत एकच सवय चालत नाही.

स्पार्कची पद्धत रुजली ती जपानात, ग्रॅनब्लू फँटसीवरून २०१६ मध्ये मोठा गदारोळ झाला त्यानंतर. एका खेळाडूने थेट प्रक्षेपणात दोन हजारांवर पुल मारले तेव्हा कुठं हवं ते कॅरेक्टर निघालं. मग कंपनीने ३०० ची मर्यादा आणली.

वाडीचा_पंकज

हे सगळं ठीक, पण छापलेले आकडे खरे कशावरून? ते काहीही छापू शकतात.

वर्धारोडवाला

आता तर आपल्याकडे कायदाच आला २०२५ मध्ये. गाचा, म्हणजे हा नशिबाने कॅरेक्टर काढायचा प्रकार, बंदच झालाय म्हणतात.

प्राजक्ता_व

२०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. गाचातलं कॅरेक्टर खेळात मोडून पैसे मिळत नाहीत. गाचा बंद झाला असं त्यात लिहिलेलं नाही.

आकडे छापायची सक्ती आली ती दुसऱ्या वाटेने. चीनने २०१७ च्या मे महिन्यापासून शक्यता जाहीर करायला लावल्या, ॲपलने त्याच वर्षाच्या शेवटी ॲप स्टोअरच्या नियमांत ते घातलं, गूगल प्लेने २०१९ मध्ये. दक्षिण कोरियात २०२४ च्या मार्चपासून कायदाच आहे.

पंकजची शंका पोकळ नाही. कोरियातच नेक्सॉनला २०२४ च्या जानेवारीत सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड झाला. मेपलस्टोरीच्या क्यूबमध्ये लोकप्रिय पर्यायांच्या शक्यता न सांगता कमी केल्या होत्या आणि काही जोड्या तर येणंच बंद केलं होतं. पण ती फसवणूक पकडायला अडचण का गेली बघा. तिथं आकडा छापलेलाच नव्हता. छापलेला आकडा असेल तर लोक नोंदी जमवून त्याच्याशी ताडून बघतात.

वर्धारोडवाला

अकाउंट विकतात त्याचं काय? सदर भागातल्या एका ग्रुपवर रोज कुणीतरी पिटी चढवलेली अकाउंटं विकायला काढतो. तिथं पैसे येतातच की. मग तो पैशाचाच खेळ झाला.

प्राजक्ता_व

तो मुद्दा वकिलांनी बघावा. पण त्या अकाउंटांपासून लांब राहा. "७० पिटी" असं लिहितात, ती कोणत्या बॅनरची ते लिहीत नाहीत. कायमच्या बॅनरवरची ७० तुमच्या काहीच कामाची नाही. गॅरंटी आहे की नाही तेही सांगत नाहीत. इतिहासाचा स्क्रीनशॉट दाखवतात, पण त्या पानावर नोंदी चढायला तासाभराचा उशीर असतो, तेवढ्या वेळात तो पाच स्टार काढूनही घेऊ शकतो. शिवाय अकाउंट विकणं खेळाच्या नियमांत बसत नाही, मूळ मालक ते परत मिळवू शकतो.

ढवळे_सर

दहा-दहाचे पुल मारावेत की सुटे, हा तर्रीपोह्यांचा मुद्दा राहिला.

प्राजक्ता_व

शक्यतेत काही फरक नाही. दहाचा पुल म्हणजे दहा सुटे पुल एका क्लिकमध्ये. फरक थांबण्यात आहे. समजा काउंटर ७२ वर आहे आणि दहाचा मारला, पाच स्टार चौथ्यालाच आला. पुढचे सहा थांबवता येत नाहीत. ते वाया जात नाहीत, नव्या काउंटरवर मोजले जातात, पण ज्याला एकच कॅरेक्टर हवं होतं त्याचे ९६० प्रायमो त्या बॅनरवर खर्च झाले. म्हणून ७० पर्यंत दहाचे आणि त्यानंतर सुटे.

तर्रीपोहा

पटलं. मी तर आजवर सगळेच दहाचे मारत होतो. एक विचारतो, काउंटर नेमका मोजायचा कसा? भावाले ४० कसे माहीत?

खामल्याचा_अक्षय

तो एका वेबसाइटवर लिंक टाकून बघतो.

मानेवाड्याची_रोहिणी

ती लिंक ग्रुपवर कुणाला देऊ नका. त्यात काही काळ चालणारी किल्ली असते. आणि ती काढायला कोणी पाठवलेली स्क्रिप्ट डोळे झाकून चालवू नका, ओळखीच्या जागेवरूनच घ्या. हातानेही मोजता येतं. इतिहासात कॅरेक्टर बॅनर निवडा, सगळ्यात वरची नोंद नवी असते, तिथून शेवटच्या पाच स्टारपर्यंतच्या नोंदी मोजा. पाच स्टार स्वतः मोजायचा नाही. तो बॅनरवरचा होता का बघा, नसेल तर गॅरंटी आहे. पुल मारून लगेच मोजलं तर तासाभराच्या उशिरामुळे कमी दिसतील.

हिंगण्याचा_तन्मय

सरांची युक्ती मी शस्त्रांच्या बॅनरवर लावून पाहिली. तिथं छापलेले आकडे ०.७, १.८५ आणि ८०. नुसती ८० ची सक्ती धरली तर सरासरी ६१.४ पुल, म्हणजे १.६३ टक्के. छापलंय १.८५. म्हणजे तिथंही चढ आहे!

ढवळे_सर

अगदी बरोबर. चार स्टारवरही करून पाहा. ५.१, १३ आणि दहाच्या आत एक नक्की. तिथं सपाट धरून १२.५ येतं. फरक बारीक आहे, म्हणजे चढ बहुधा शेवटच्या एखाद्या पुलापुरताच असेल. पण पाच स्टार आला की तिथल्या मोजणीवर परिणाम होतो, त्यामुळे चार स्टारच्या निष्कर्षावर मी तेवढा ठाम नाही.

खामल्याचा_अक्षय

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला सरांचा हिशेब दाखवला. त्याने विचारलं, शंभर टक्के व्हायला किती लागतील?

प्राजक्ता_व

काउंटर ४०, गॅरंटी नाही, तर सर्वात वाईट ५० अधिक ९०, म्हणजे १४० पुल. २२,४०० प्रायमो. त्याच्याकडे ९,६०० आहेत, १२,८०० कमी पडतात. एका आठवड्यात खेळून एवढे जमणार नाहीत.

कॅरेक्टर फार हवं असेल तर मारू दे, ५७-६१ वाईट नाही. पण त्याला आधी विचार की हरला तर चालेल का. हरल्यावर गॅरंटी हातात असेल, आणि वीसेक पुल उरले असतील तर तिथं थांबून ते पुढच्या हव्या असलेल्या कॅरेक्टरसाठी ठेवायचे.

खामल्याचा_अक्षय

मागचा पाच स्टार गॅरंटीने आला होता, आत्ताच तपासलं. त्याच्या आधी हरला होता.

हिंगण्याचा_तन्मय

म्हणजे एकदा हरलेला आहे. तुमच्या सिद्धांतात आता त्याला किती?

प्राजक्ता_व

एका हरण्याने फार फरक पडत नाही, असंच नोंदींवरून दिसतं. ५० च्या जवळच धरेन. तू ५५ धर. निकाल आला की अक्षय इथंच लिहील, पण एका निकालावरून आपलं भांडण मिटणार नाही.